अंधारात ऊब शोधणारा कॅमेरा

ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे सरकते. रस्त्यावर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसणे, ते माणूस आहे हे मेंदूने ओळखणे आणि पाय ब्रेकवर पडणे, एवढ्यात सावध चालकाचाही साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच साडेसदतीस मीटर रस्ता मागे पडलेला असतो. पुढे, कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांनी जोरात ब्रेक दाबला, तरी गाडी पूर्ण थांबायला आणखी ४५ मीटर लागतात. एकूण हिशेब ८२ मीटरांच्या आसपास जातो.

आता हेडलाइट पाहू. समोरून वाहने येत असतील तर चालकाला लो बीमवरच, म्हणजे डिपरवरच, गाडी चालवावी लागते. हा प्रकाश समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून मुद्दाम खाली झुकवलेला असतो. त्यात गडद कपडे घातलेला, पायी चालणारा माणूस साधारण ५० मीटरांवर आला की नजरेत भरतो. पांढरे धोतर किंवा फिकट साडी असेल तर थोडा आधी दिसतो, काळी पँट आणि गडद स्वेटर असेल तर उशिराच. ५० मीटरांवर दिसलेल्या माणसासाठी ८२ मीटरांत थांबणारी गाडी उपयोगाची नाही. गणित पुरे केले तर ती त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ७६ किलोमीटर असतो. चालकाने काहीही चूक केलेली नसते, वेगमर्यादा पाळलेली असते, ब्रेकही वेळेवर दाबलेला असतो. कमी पडतात ते फक्त तीस-बत्तीस मीटर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मरण पावले. रात्रीच्या, दिवे नसलेल्या रस्त्यावर हे तीस-बत्तीस मीटर कुठून आणायचे, याचे एक उत्तर मोटारउद्योगाने पंचवीस वर्षांपूर्वी शोधले. आणखी लांब प्रकाश फेकण्यापेक्षा, प्रकाशाची गरजच नसलेला कॅमेरा गाडीच्या नाकावर बसवायचा.

या कॅमेऱ्याचा आधार साधा आहे. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अदृश्य किरण बाहेर टाकत असते. वस्तू जितकी गरम तितके किरण जास्त आणि त्यांची तरंगलांबी तितकी आखूड. लालभडक लोखंडाचे किरण डोळ्यांना दिसतात, कारण ते इतके तापलेले असते. माणसाची त्वचा असते ३० ते ३५ अंश सेल्सिअस. तिच्यातून सर्वाधिक किरण बाहेर पडतात ते साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास. आपला डोळा ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरांपलीकडे काही पाहू शकत नाही, म्हणून एकमेकांच्या अंगातून सतत निघणारे हे तेज कुणालाच दिसत नाही. औष्णिक कॅमेरा, म्हणजेच थर्मल कॅमेरा, नेमका ८ ते १४ मायक्रोमीटरांचा पट्टा पाहतो. माणसाने दिवा हातात घेतलेला नसला, अंगावर चमकणारी पट्टी नसली, चंद्र उगवलेला नसला, तरी त्याला काही फरक पडत नाही. त्याच्या दृष्टीने माणूस हाच दिवा असतो.

लष्कराकडे असे कॅमेरे फार पूर्वीपासून होते, पण त्यांचे संवेदक द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, म्हणजे उणे १९६ अंशांच्या घरात थंड ठेवावे लागत. तसले यंत्र मोटारीत बसवणे अशक्य होते. रस्ता खुला झाला तो १९८० च्या दशकात अमेरिकेतील हनीवेल कंपनीने लष्करासाठी केलेल्या संशोधनातून. त्यांनी बनवलेल्या संवेदकाला थंड ठेवण्याची गरजच नव्हती. त्याचे नाव मायक्रोबोलोमीटर. १९९२ मध्ये या तंत्रावरची गोपनीयता उठली आणि ते नागरी उद्योगांना मिळाले.

मायक्रोबोलोमीटरमध्ये सिलिकॉनच्या चकतीवर हजारो अतिसूक्ष्म पडदे असतात, प्रत्येक पडदा म्हणजे चित्रातला एक ठिपका. आजच्या कॅमेऱ्यांत अशा एका पडद्याची रुंदी १२ ते १७ मायक्रोमीटर असते. पडद्यावर व्हॅनेडियम ऑक्साइड किंवा अस्फटिक सिलिकॉनचा थर असतो आणि तो दोन बारीक पायांवर, निर्वात पोकळीत अधांतरी उभा केलेला असतो. हवा नसल्यामुळे आलेली ऊब इकडेतिकडे पळत नाही. तव्याला हात न लावता तो तापला आहे हे तळहाताला कळते, तसे दूरच्या माणसाचे किरण पडले की त्या ठिकाणचा पडदा किंचित गरम होतो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. हा बदल मोजून चित्र तयार होते. समोरच्या दृश्यातला एका अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरकही चांगला संवेदक टिपू शकतो. हिवाळ्यातल्या रात्री १५ अंशांच्या रस्त्याकडेला ३२ अंशांचा चेहरा त्याला किती ठळक दिसत असेल, याची यावरून कल्पना येईल.

मोटारीत हे तंत्र पहिल्यांदा आले ते अमेरिकेच्या कॅडिलॅक डेव्हिल या मोटारीच्या २००० सालच्या मॉडेलमध्ये. रेथिऑन या संरक्षण कंपनीच्या मदतीने बनवलेला औष्णिक कॅमेरा पुढच्या जाळीच्या मधोमध बसवलेला होता. त्यातला संवेदक मायक्रोबोलोमीटरपेक्षा वेगळ्या जातीचा होता, पण थंड करण्याची गरज त्यालाही नव्हती. चित्र काळे-पांढरे असे आणि ते चालकासमोर विंडशील्डच्या खालच्या भागात उमटे. या जादा सोयीसाठी सुमारे दोन हजार डॉलर मोजावे लागत. सुरुवातीला कुतूहलाने लोकांनी ती घेतली, मग मागणी ओसरली आणि काही वर्षांत कॅडिलॅकने ती बंद केली. कॅमेरा चांगला होता, अडचण वेगळीच होती. त्यात माणूस ओळखण्याचे काम चालकावर सोडलेले होते. चालकाने रस्ता पाहायचा की खालचे धूसर चित्र न्याहाळायचे? दोन्ही एकाच वेळी जमत नाही, आणि जो चालक चित्रात डोकावत बसतो तो रस्त्यावरून नजर काढतो.

याला उत्तर दिले होंडाने. २००४ मध्ये जपानमध्ये आलेल्या लेजंड मोटारीत दोन औष्णिक कॅमेरे होते. आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे त्यांच्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढले जाई, आणि संगणक स्वतःच चित्रात माणूस शोधून त्याभोवती चौकट आखी व आवाजाने इशारा देई. चालकाने चित्राकडे टक लावून पाहण्याची गरज संपली. ही खरी उडी होती. पुढे २००५ मध्ये बीएमडब्ल्यूने सातव्या मालिकेत औष्णिक कॅमेरा आणला, २००८ मध्ये त्याला पादचारी ओळखायला शिकवले आणि २०१३ मध्ये प्राणीही. ऑडीने २०१० च्या ए-८ मध्ये माणसाभोवती पिवळी चौकट दाखवायला सुरुवात केली, धोका असेल तर ती लाल होते.

याच काळात दुसरा एक रस्ताही चाचपला गेला आणि आजही ‘नाइट व्हिजन’ म्हणून विकली जाणारी बरीच साधने त्याच जातीची आहेत. २००२ मध्ये टोयोटाने, २००५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासने निकट-अवरक्त किरणांची पद्धत वापरली. यात हेडलाइटशेजारी एक अदृश्य दिवा असतो, तो दृश्य प्रकाशाच्या जरा पलीकडचे, ०.८ ते १ मायक्रोमीटरचे किरण समोर फेकतो आणि कॅमेरा परत येणारे किरण टिपतो. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, त्यामुळे हा दिवा हाय बीमइतका लांब फेकता येतो. चित्रही नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोसारखे दिसते, त्यात रस्त्यावरचे पट्टे, पाट्या, झाडे, थंड पडलेला ट्रक सगळे असते. पण चित्रात सगळेच असल्यामुळे माणूस त्या गर्दीत हरवतो. शिवाय धुक्यात हे किरण उलटे परततात आणि समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा कॅमेऱ्यालाच दिपवतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ च्या सुमारास दोन्ही पद्धतींची चित्रे चालकांना दाखवून तुलना केली, तेव्हा औष्णिक चित्रात पादचारी सुमारे तिप्पट अंतरावरून ओळखले गेले. कारण उघड आहे. औष्णिक चित्रात थंड जग राखाडी होऊन मागे सरते आणि जिवंत शरीर तेवढे पांढरे होऊन पुढे येते. मर्सिडीजने नंतर, २०१३ च्या एस-क्लासमध्ये, दोन्ही कॅमेरे एकत्र वापरायला सुरुवात केली.

जाहिरातीत औष्णिक कॅमेऱ्याचा पल्ला ३०० मीटर असा दिला जातो. तो खोटा नाही, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. ३०० मीटरांवरचा माणूस चित्रात एक पांढरा ठिपका म्हणून उमटतो. तो माणूस आहे असे संगणक कधी म्हणेल, हा वेगळाच प्रश्न. एका ठरावीक कॅमेऱ्याचा हिशेब करून पाहू. चित्राच्या रुंदीत ३२० ठिपके आहेत आणि तो २४ अंशांचा पसारा पाहतो, असे धरले तर १०० मीटरांवर हा पसारा साडेबेचाळीस मीटर रुंद होतो. म्हणजे एक ठिपका साधारण १३ सेंटिमीटरचा. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १३ ठिपक्यांत मावतो, त्याचा पाय एका ठिपक्याएवढा. एवढ्यावरून डोके, धड आणि चालताना हलणारे पाय ओळखता येतात, पण जेमतेम. २०० मीटरांवर तोच माणूस साडेसहा ठिपके उंच उरतो, ३०० मीटरांवर चार. चार ठिपक्यांचा माणूस आणि चार ठिपक्यांचा उन्हात तापलेला मैलाचा दगड यांत फरक करायला काही शिल्लकच नसते. म्हणूनच बीएमडब्ल्यूने आपल्या यंत्रणेबद्दल सांगितलेले आकडे प्रामाणिक वाटतात: पादचारी सुमारे १०० मीटरांपर्यंत, मोठा प्राणी सुमारे १५० मीटरांपर्यंत. बैल किंवा सांबर माणसापेक्षा जास्त जागा व्यापते, इतकेच त्यामागचे कारण.

ठिपके वाढवले, ६४० केले, तर १०० मीटरांवरचा माणूस २६ ठिपक्यांचा होतो आणि ओळखण्याचे अंतर लांबते. पसारा अरुंद केला तरी तेच साधते, पण मग जवळच्या फुटपाथवरून अचानक उतरणारा किंवा वळणाच्या आतल्या बाजूचा माणूस चित्राबाहेर राहतो. लांब पाहायचे की रुंद पाहायचे, या निवडीतून कुठल्याच कंपनीची सुटका नाही. आणि घाटातल्या वळणापलीकडचा माणूस तर कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण ऊबही सरळ रेषेतच येते, डोंगराआडून नाही.

संगणक माणूस ओळखतो तो एका झटक्यात नव्हे. आधी आजूबाजूपेक्षा गरम असलेले डाग वेगळे काढले जातात. मग त्यांचा उभा-आडवा आकार तपासला जातो, हजारो चित्रांवरून शिकलेल्या नमुन्यांशी तो ताडला जातो, आणि सलग काही चित्रांत तोच डाग तसाच राहिला तरच तो माणूस म्हणून स्वीकारला जातो. कॅमेरा एकच असेल तर अंतर काढायला माणसाचे पाय चित्रात किती उंचीवर टेकले आहेत हे पाहतात. त्यानंतर गाडीचा वेग आणि स्टीअरिंगचा कोन लक्षात घेऊन पुढचा मार्ग आखला जातो. माणूस शेताच्या बांधावर उभा असेल तर नुसती पिवळी चौकट, रस्त्याकडे सरकत असेल तर लाल चौकट आणि इशारा. मर्सिडीजच्या काही मोटारींत हेडलाइटचा एक झोत त्या माणसावर मिचकावतोही, त्यामुळे चालकाला पडद्यापेक्षा रस्त्यावरच नेमके कुठे पाहायचे ते कळते आणि चालणाऱ्यालाही गाडी आल्याचे समजते. या साऱ्या साखळीत सर्वांत शहाणपणाची गोष्ट कुठली असेल तर हीच. इशारा पडद्यावर आला तर चालक आधी पडदा पाहतो, मग रस्ता, आणि अर्धा सेकंद जातो. ताशी ९० च्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे साडेबारा मीटर.

तर मग सुरुवातीचा हिशेब पुन्हा मांडू. गाडी ताशी ९० ने चालली आहे आणि १०० मीटरांवर इशारा आला. चालकाने दीड सेकंदात ब्रेक दाबला तर गाडी माणसाच्या १८ मीटर आधी थांबते. पडद्याकडे पाहून दोन सेकंद लागले तर पाच मीटर आधी. दोन्ही वेळा माणूस वाचतो. पण वेग ताशी १२० केला, जो समृद्धी महामार्गाच्या सपाट भागात मोटारींना मुभा असलेला वेग आहे, तर दीड सेकंदात ५० मीटर जातात, थांबायला आणखी ७९ लागतात आणि १०० मीटरांवरचा इशारा पुरत नाही. त्या महामार्गावर पायी चालायला बंदी असली, तरी रानडुक्कर किंवा नीलगाय बंदीची पाटी वाचत नाही, आणि इशारा मिळूनही तिच्यावर ताशी ७० च्या वर वेगाने धडक बसते. औष्णिक कॅमेरा चालकाला जे अंतर देतो ते वाढीव वेगात खर्च झाले तर हाती काहीच उरत नाही. सुमारे दोन सेकंदांचा हा नफा ८०-९० च्या वेगातच खरा कामाला येतो.

आपल्याकडच्या रस्त्यांवर या कॅमेऱ्याची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही एकाच दृश्यात दिसतील. ऊसगाळपाच्या हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात रात्री कारखान्याकडे जाणारी बैलांची टायरगाडी घ्या. बैलांची अंगे, त्यांच्यापुढे चालणारा गाडीवान, गाडीवर उसावर बसलेली बाई आणि मूल, सगळे औष्णिक चित्रात लांबून उजळ दिसते. पण गाडीचालक मागून येत असतो. मागून दिसतो तो उसाचा भारा, आणि हवेत तासन्‌तास राहून तो हवेइतकाच थंड झालेला असतो. बैल त्याच्या आड गेलेले असतात. रस्त्याच्या कडेला बंद पडलेली, मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली तर आणखी फसवी. तिच्यात ऊब नाही, तिचा आकार माणसासारखा नाही, आणि पादचारी शोधायला शिकवलेला संगणक तिच्याकडे दुर्लक्ष करणार. चित्रात ती पुसटशी दिसेलही, पण इशारा येणार नाही. ज्या यंत्राचे काम ऊब शोधणे आहे, त्याने थंड लोखंड दाखवावे अशी अपेक्षा धरणे धोक्याचे आहे. तिथे रडार आणि ट्रॉलीमागची चमकती पट्टीच कामाची.

कपड्यांचाही प्रश्न आहे. थंडीत घोंगडी पांघरून मेंढरांमागे चालणारा धनगर पाहा. घोंगडी अंगाची ऊब आत धरते, म्हणजेच तिचा बाहेरचा पृष्ठभाग हवेच्या तापमानाजवळ असतो. कॅमेऱ्याला मग दिसतात ते चेहरा, हात आणि पोटऱ्या. मेंढ्यांची लोकर त्यांनाही तशीच झाकते. पावसात भिजलेले कपडे आणि प्लॅस्टिकचे इरले हीच अडचण करतात. हलक्या धुक्यात औष्णिक कॅमेरा डोळ्यांपेक्षा बराच पुढे पाहतो, पण दाट धुके किंवा धो-धो पाऊस पडला की पाण्याचे थेंब ही ऊब शोषून घेतात.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र उन्हाळ्याची. हे कॅमेरे ज्या देशांत घडले तिथल्या रात्री थंड असतात. मे महिन्यात विदर्भात रात्री नऊ वाजता हवा ३५ अंशांच्या आसपास आणि दिवसभर तापलेले डांबर त्याहून गरम असू शकते. माणसाची त्वचाही तेवढीच. अशा वेळी माणूस आणि रस्ता एकाच छटेचे होतात, किंवा चित्र उलटते आणि उजळ रस्त्यावर माणूस गडद दिसतो. उजळ माणूस शोधायला शिकलेली यंत्रणा तेव्हा गोंधळते. युरोपीय मोटारींच्या पुस्तिकांमध्ये बाहेरचे तापमान जास्त असताना पादचारी ओळखण्याची क्षमता घटते असा इशारा असतो, तो यामुळेच. भारतात हे तंत्र स्वस्त होऊन यायचे असेल तर त्याला इथल्या उन्हाळी रात्रींची चित्रे शिकवावी लागतील. ही काही छोटी दुरुस्ती नाही, ती सगळ्यांत आधी करण्याची गोष्ट आहे.

हा कॅमेरा महाग का, याचे मोठे कारण त्याच्या भिंगात आहे. साधी काच ८ ते १४ मायक्रोमीटरचे किरण आत येऊच देत नाही. त्यामुळे भिंगासाठी जर्मेनियम वापरतात. दिसायला ते चकचकीत धातूसारखे अपारदर्शक, पण या किरणांना आरपार. जर्मेनियमचा मोठा पुरवठादार चीन आहे आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याने निर्यातीला परवान्याची अट घातली. साच्यात ढाळता येणारी चाल्कोजेनाइड काच हा स्वस्त पर्याय आता वाढतो आहे. काचेच्या याच गुणामुळे कॅमेरा विंडशील्डच्या आत, आरशाजवळ सुरक्षित बसवता येत नाही. तो पुढच्या जाळीत, चिखल, खडे आणि किडे झेलत बसतो. म्हणून त्याला स्वतःचा पाण्याचा फवारा आणि दव पडू नये म्हणून तापवणारी तार द्यावी लागते.

मागणी मात्र आता वेगळ्या दिशेने येत आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२२ मध्ये आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण पाहता पादचाऱ्यांना बसणाऱ्या धडका २७ टक्क्यांनी घटल्या होत्या, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यांवर फरक आढळला नाही. कारण बहुतेक यंत्रणा साध्या कॅमेऱ्यावर आणि रडारवर चालतात, आणि साध्या कॅमेऱ्यालाही हेडलाइटपलीकडे दिसत नाही. २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने नियम काढला की सप्टेंबर २०२९ पर्यंत नव्या मोटारींच्या आपोआप ब्रेक यंत्रणेने अंधारातही पादचारी ओळखला पाहिजे. नियमात औष्णिक कॅमेऱ्याचे नाव नाही, पण त्याच्या उत्पादकांना ही मोठी संधी वाटते.

दिसणे आणि थांबणे यांतले अंतर किती घातक ठरू शकते, हे मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात कळले. उबरच्या स्वयंचलित चाचणी मोटारीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकी तपास यंत्रणेच्या अहवालानुसार मोटारीच्या रडार-लेसर यंत्रणेला ती धडकेच्या साडेपाच सेकंद आधीच दिसली होती. संगणक तिला कधी अनोळखी वस्तू, कधी वाहन, कधी सायकल समजत राहिला, आपोआप ब्रेक लावण्याची सोय बंद ठेवलेली होती आणि देखरेखीला बसलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती. तिथे डोळ्यांची नव्हे, निर्णयाची उणीव होती.

भारतीय बाजारात ‘नाइट व्हिजन’ अशी पाटी लावून चार-पाच हजारांना पडदा आणि कॅमेरा विकणारी दुकाने आता सर्वत्र आहेत. त्यांतले बहुतेक मंद प्रकाशात चालणारे किंवा निकट-अवरक्त कॅमेरे असतात. त्यांचा उपयोग नाही असे नाही, पण त्यांच्याकडून औष्णिक कॅमेऱ्याच्या पल्ल्याची अपेक्षा ठेवू नये. ओळखायचे तर एक सोपी चाचणी आहे: समोरच्या गाडीची नंबरप्लेट पडद्यावर वाचता येते का, ते पाहावे. औष्णिक चित्रात अक्षरे आणि पाटी सारख्याच तापमानाची असल्याने नंबर बहुधा दिसतच नाही. भिंतीला तळहात दहा सेकंद टेकवून काढला, तर खऱ्या औष्णिक कॅमेऱ्यात पंजाचा ठसा काही क्षण राहतो. आणि विक्रेता कॅमेरा विंडशील्डच्या आतून बसवून देतो म्हणत असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असले तरी तो औष्णिक कॅमेरा नाही.